पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे? शाळेच्या वादविवादासाठी मुद्दे हवेत

अनगोळची आई: मुलीला शाळेत ‘शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे असावा’ हा विषय आलाय. बाजू ऐनवेळी चिठ्ठीने ठरणार. माझ्या मते उत्तर सरळ आहे. बेळगावात कंपनी आली आणि चोवीस तास पाणी आलं, महापालिकेला ते इतक्या वर्षांत जमलं नाही. याच्या विरोधात बोलण्यासारखं काही आहे तरी का?

निवृत्त पाणीवाला: आहे, आणि ‘सरळ’ या शब्दाचा मला राग आलाय म्हणून लांबलचक लिहितोय. आयुष्य व्हॉल्व्ह फिरवण्यात गेलंय माझं.

चोवीस तास पाणी 2008 मध्ये आलं ते फक्त निवडक वॉर्डांत. जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्ग्यात मिळून लोकसंख्येच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यासाठी ती योजना झाली. चालवायला फ्रेंच कंपनी होती, हे खरं. पण त्या वॉर्डांत आधी जुने पाइप बाद करून नवे टाकले, घरोघरी नवी जोडणी आणि मीटर दिले, आणि तो भाग बाकीच्या जाळ्यापासून तोडून वेगळा केला. मग पाणी कंपनीमुळे आलं की नव्या पाइपांमुळे? दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या, त्यामुळे नुसतं तेवढं बघून सांगता येत नाही. विरोधी बाजू मिळाली तर मुलीने इथेच बोट ठेवावं. पैसाही कंपनीचा नव्हता, कर्ज आपल्याच डोक्यावर.

बाजूने बोलायचं झालं तर एक मुद्दा भक्कम आहे. कंपनीचा मोबदला ठरलेलं काम करून दाखवण्याशी बांधलेला होता. गळती राहिली काय, गेली काय, आमचा पगार एक तारखेला व्हायचाच.

वडगावचा नाना: काय बोलाय लागलाय ओ! राकसकोप विकलाय कंपनीला. बोलिव्हियात कोचाबांबाला हेच झालं. दर वाढवले, माणसं रस्त्यावर आली, 2000 साली कंपनीला पळवून लावलं. उद्या आपल्याकडं बी तेच.

निवृत्त पाणीवाला: कोचाबांबाचं बरोबर, राकसकोपचं साफ चूक. धरण, हिंडलग्याचे पंप, पाइप, सगळं सरकारी मालकीचंच राहिलं. दरही कंपनी ठरवत नाही. कोचाबांबात करारच वेगळा होता. गुंतवणूक कंपनीने करायची आणि ती लोकांच्या बिलातून वसूल करायची. हे दोन करार एका तराजूत घातले तर समोरचा पोरगा मुलीला दोन मिनिटांत गप्प करेल.

वडगावचा नाना: बरं, विकलं न्हाई म्हणा. चालवायला दिलं. मला त्यात भरवसा वाटत न्हाई, तो काय वाटणार न्हाई.

खानापूर रोड: कंपनी राहू द्या, मीटरचं सांगा. दुसऱ्या गावात माझ्या बहिणीकडे चार दिवसांनी पाणी येतं. आधी दहा मिनिटं नळ नुसता फुसफुसतो आणि मीटर गरगर फिरतो. हवेचे पैसे भरायचे का आम्ही?

टिळकवाडी: आणि बिल नुसतं कन्नडमध्ये! माझ्या आईला आकड्याशिवाय काही वाचता येत नाही. तक्रार तरी कशाची करायची?

वडगावचा नाना: त्येच म्हणतोय मी! आधी भाषा, मग पाणी.

अनगोळची आई: सीमाप्रश्न इथे आणू नका हो, परवा स्पर्धा आहे.

टिळकवाडी: सीमाप्रश्न नाही हा. माणसाला बिल वाचता आलंच पाहिजे, मग नळ कंपनीचा असो की पालिकेचा.

निवृत्त पाणीवाला: टिळकवाडींचं मान्य. मीटरचंही खरं आहे. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, त्यात हवा शिरते. पुन्हा पाणी सोडलं की ते हवा पुढे ढकलतं आणि मीटरची चक्री हवेनेही फिरते. बहिणीला सांगा, पाणी यायच्या आधी आकडा लिहून ठेवा, फुसफुस थांबल्यावर परत लिहा. मधला फरक हवेचा. मग वीस लिटरच्या पाच बादल्या भरा. मीटर शंभराच्या आसपास वाढला तर मीटर ठीक आहे, दोष हवेचा. बादल्यांतच फार फरक आला तर मीटर बिघडलाय. म्हणून आधी चोवीस तास दाब, मग मीटरवर बिल, हा क्रम उलटा करू नये. पाइप रिकामे असले की गटाराचं पाणी सांध्यातून आत येतं, ते वेगळंच.

खानापूर रोड: आकडे लिहून दाखवले तरी कार्यालयात कोण मानणार?

अनगोळची आई: एवढं सगळं मानलं, तरी पालिकेला नवे पाइप दिले असते तर तिने चालवून दाखवलं असतं, हे मला पटत नाही.

निवृत्त पाणीवाला: ओडिशातलं पुरी बघा. 2021 पासून तिथे नळाचं पाणी थेट पिता येतं, चोवीस तास. चालवणारी कंपनीच आहे, पण सरकारी मालकीची.

अनगोळची आई: म्हणजे पालिका नाहीच ना, कंपनीच लागली! हे मी बाजूच्या मुद्द्यांत लिहितेय.

निवृत्त पाणीवाला: लिहा. पण विषयात ‘खासगी’ शब्द आहे, तो समोरचा सोडणार नाही.