‘व्हायब्रेशनल प्रोग्रेशन’साठी प्रगती, श्रेणी की श्रेढी? आणि ‘ओव्हरलॅप’चे काय करावे?

लेखणी

वर्णपटविज्ञानावरील काही व्याख्यानांचे मराठी भाषांतर मी सध्या करत आहे. आयोडीनच्या बाष्पातून पांढरा प्रकाश गेला असता शोषणाचा एकच रुंद पट्टा न दिसता जवळजवळ बसलेल्या अनेक पट्ट्यांची रांग दिसते, आणि मूळ लेखक तिला ‘व्हायब्रेशनल प्रोग्रेशन’ म्हणतो. मी ‘कंपनांची प्रगती’ असे लिहिले होते. संपादकांनी त्यावर काट मारून ‘कंपनश्रेणी’ केले. पुढच्याच वाक्यात या रांगेचे कारण म्हणून दोन अवस्थांमधील तरंगफलनांचे ‘ओव्हरलॅप’ येते. तिथे मी ‘आच्छादन’ लिहिले आणि संपादकांनी ते तसेच ठेवले, पण मला ते मनातून पटलेले नाही. दोन्ही शब्दांविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

शब्दवेध

‘श्रेणी’ आणि ‘श्रेढी’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. श्रेणी म्हणजे वर्ग किंवा दर्जा. ठरावीक नियमाने पुढे जाणाऱ्या पदांच्या ओळीला आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील श्रेढीव्यवहारापासून श्रेढी म्हटले जाते, आणि शाळेच्या पुस्तकात अंकगणिती श्रेढी आजही शिकवतात. कंपनपातळ्या एकमेकींपासून समान अंतरावर असतात, त्यामुळे हे पट्टेही समान अंतराने येतात. म्हणून ‘कंपनश्रेढी’ हाच शब्द नेमका ठरतो. ‘ओव्हरलॅप’साठी ‘आच्छादन’ मला योग्य वाटते, कारण एक फलन दुसऱ्यावर जितके पसरलेले असेल तितका पट्टा ठळक होतो.

पूर्वपक्ष

मला ‘प्रगती’ मुळीच चुकीची वाटत नाही. प्रकाश शोषल्यावर रेणू उत्तेजित अवस्थेच्या तळाशी पोहोचतो, मग पहिल्या कंपनपातळीवर चढतो, मग दुसऱ्या, आणि असे करत वर जातो. हा चढता प्रवासच वर्णपटात पट्ट्यांच्या रूपाने उमटत असेल, तर त्याला प्रगती म्हणण्यात काय अडचण आहे?

कणाद

पूर्वपक्ष, हा समज ‘प्रगती’ या शब्दातूनच निर्माण होतो, आणि तो शब्द टाळावा असे मला वाटते ते याचसाठी. कोणताही एक रेणू पायऱ्या चढत नाही. एक रेणू एक प्रकाशकण शोषतो आणि उत्तेजित अवस्थेच्या एकाच कंपनपातळीवर थेट जातो. दुसरा रेणू दुसऱ्या पातळीवर जातो. असंख्य रेणूंची अशी शोषणे एकत्र नोंदली गेली की रांग दिसते. तिच्यात काळाचा क्रम नाही, शक्यतांची वाटणी आहे.

शब्दवेध यांची श्रेढी मला मान्य आहे, मात्र तिच्यासाठी दिलेले कारण अर्धेच खरे आहे. आयोडीनच्या हिरव्या भागातील लागोपाठचे तीन पट्टे घ्या: ५४१.२, ५३९.० आणि ५३६.९ नॅनोमीटर, म्हणजे उत्तेजित अवस्थेतील कंपनपातळीचे क्रमांक v′ = २७, २८ आणि २९. तरंगांकांत मोजल्यास पहिल्या दोहोंमधील अंतर सुमारे ७५ प्रति सेंटिमीटर भरते आणि पुढचे सुमारे ७३. याच अवस्थेच्या तळाशी हे अंतर १२५ च्या आसपास असते, आणि ५०० नॅनोमीटरच्या जवळ ते शून्यावर येऊन पट्टे एकमेकांत मिसळतात, कारण त्यापलीकडे रेणू तुटतो. अंतर कमी कमी होत जाणारी ही श्रेढी आहे, अंकगणिती नव्हे.

‘आच्छादन’ या शब्दाला मात्र माझा खरा विरोध आहे. अशी कल्पना करा की मूळ आणि उत्तेजित अवस्थांचे स्थितिज ऊर्जेचे वक्र हुबेहूब सारखे आहेत आणि एकाच बंधलांबीवर बसले आहेत. मूळ अवस्थेचे v″ = ० हे फलन एक साधा फुगवटा आहे. उत्तेजित अवस्थेचे v′ = १ हे फलन त्याच जागेत पसरलेले आहे, पण त्याचा डावा भाग ऋण आणि उजवा धन आहे. दोघांनी एकमेकांना भरपूर झाकले आहे, तरी त्यांच्या गुणाकाराची बेरीज शून्य येते, आणि पट्टा उमटतच नाही. अशा रेणूत ०–० हा एकच पट्टा दिसेल आणि रांग तयारच होणार नाही. झाकण्यावर भर देणारा शब्द नेमकी हीच गोष्ट वाचकापासून लपवतो.

शब्दवेध

अंतराविषयीची दुरुस्ती मी स्वीकारतो. श्रेढी अंकगणितीच असली पाहिजे असे नाही, त्यामुळे माझा शब्द टिकतो. परंतु ‘आच्छादन’ सोडायचे तर घ्यायचे काय? ‘अतिव्याप्ती’ चालणार नाही, कारण न्यायशास्त्रात तो लक्षणाचा दोष आहे. ‘अधिव्यापन’ घडवता येईल, पण त्यातही पसरण्याचाच अर्थ आहे, चिन्हांचा नाही. ‘ओव्हरलॅप’ जसेच्या तसे लिहिणे मला पराभव वाटतो. आणि एक शंका राहते. वक्र सारखेच असताना रांग उमटत नसेल, तर ती उमटते केव्हा?

कणाद

बंधलांबी बदलली की उमटते. आयोडीनमध्ये मूळ अवस्थेची समतोल बंधलांबी २.६७ अँगस्ट्रॉम आहे आणि या उत्तेजित अवस्थेची ३.०२, म्हणजे वक्र सुमारे ०.३५ अँगस्ट्रॉमने उजवीकडे सरकला आहे. हे सरकणे किती मोठे आहे ते मूळ फुगवट्याच्या रुंदीशी तुलना केल्यावरच कळते. आयोडीनचे अणू जड असल्याने v″ = ० चा फुगवटा अतिशय अरुंद असतो आणि बंधलांबीचे प्रमाण विचलन फक्त ०.०३५ अँगस्ट्रॉमच्या घरात येते. वक्र त्याच्या दहापट सरकला आहे. इलेक्ट्रॉनची उडी इतक्या त्वरेने होते की त्या अवधीत केंद्रके जागची हलत नाहीत, असे जेम्स फ्रांक यांनी मांडले, आणि एडवर्ड कॉन्डन यांनी १९२६ पासून पुढच्या दोन वर्षांत त्या विचाराला गणिती रूप देऊन तो तरंगफलनांच्या भाषेत आणला. त्या भाषेत पट्ट्याची तीव्रता ⟨v′|v″⟩ या समाकलाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

आता २.६७ या बंधलांबीपाशी उभे राहून उत्तेजित अवस्थेच्या फलनांकडे पाहा. v′ = ० चा फुगवटा ३.०२ पाशी आहे आणि आपल्या जागेपर्यंत त्याचे शेपूटही जवळपास पोहोचत नाही. साध्या हार्मोनिक हिशेबाने ०–० पट्ट्याच्या वाट्याला एकूण तीव्रतेचे अब्जात मोजकेच भाग येतात, म्हणून या रांगेची सुरुवात शोषणात दिसतच नाही. v′ वाढत जाते तसा फलनाचा पसारा दोन्ही बाजूंना वाढतो. तिशीच्या आसपास त्याचे डावे टोक २.६७ पाशी येते. टोकाजवळ अणूंची गती मंद असते, त्यामुळे तिथली लाट उंच आणि रुंद असते, आणि ती लाट आपल्या फुगवट्यावर बरोबर बसते. समाकल तिथे सर्वांत मोठा होतो. त्याहून वरच्या पातळ्यांत टोक आणखी डावीकडे सरकते आणि आपल्या फुगवट्याखाली भराभर चिन्ह बदलणाऱ्या छोट्या लाटा येतात, त्यांची धन-ऋण वजाबाकी होते, आणि पट्टे पुन्हा फिके पडतात. सर्व पातळ्यांवरील आणि रेणू तुटल्यानंतरच्या सलग भागातील वाटे मिळून बेरीज एक येते, त्यामुळे एकाचे वाढले की दुसऱ्यांचे घटते.

लेखणी

हे वाचल्यावर माझ्या भाषांतरातील एक अडलेले वाक्य सुटले. लेखक म्हणतो की पट्ट्यांना क्रमांक देणे कठीण गेले. रांगेचे पहिले पद दिसतच नसेल, तर मोजायला सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच होता, असे मी समजते. ते बरोबर आहे का?

कणाद

अगदी बरोबर. अंतरे मोजता येतात, पण मोजणीचा प्रारंभबिंदू अदृश्य असतो. आयोडीनच्या v′ चे पूर्वीचे क्रमांक १९६५ मध्ये एका एककाने बदलावे लागले ते याचमुळे.

यात आणखी एक अडचण आहे. खोलीच्या तापमानाला सगळेच रेणू v″ = ० मध्ये नसतात. साधारण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रेणू त्याच्या वर असतात, आणि त्यातले बहुतेक v″ = १ मध्ये. त्यांची स्वतंत्र रांग पहिल्या रांगेत मिसळते. ती ओळखण्याची खूण सुंदर आहे. v″ = १ या फलनाला मधोमध शून्यबिंदू असल्याने त्याच्या रांगेची तीव्रता दोनदा वाढते आणि मधे खाली जाते, आणि ही खाली गेलेली जागा पहिल्या रांगेच्या शिखराजवळच येते. म्हणून त्या भागात आपल्याला प्रामुख्याने पहिली रांग दिसते, आणि दुसरी ५४५ नॅनोमीटरच्या पलीकडे, लाल बाजूला, वर डोके काढते. नमुना तापवल्यावर जे पट्टे तुलनेने वाढतात ते v″ = १ चे किंवा त्याहून वरचे असतात.

निळाई

माझा प्रश्न शब्दाचा नाही, तरी याच विषयातला आहे. मी मिथिलीन ब्लूच्या पाण्यातील द्रावणाचा वर्णपट घेते. ६६४ नॅनोमीटरला मुख्य शिखर येते आणि ६१० च्या आसपास एक खांदा दिसतो. माझ्या मार्गदर्शकांच्या मते ती कंपनरांग आहे, सहकाऱ्यांच्या मते दोन रेणू चिकटून झालेली जोडी आहे. आयोडीनसारखे सुटे पट्टे इथे दिसत नाहीत, मग ठरवायचे कसे?

कणाद

द्रावण दहापट पातळ करा आणि दहापट लांब मार्गाची क्युव्हेट वापरा, म्हणजे शोषण मोजण्याजोगे राहील. कंपनामुळे आलेला खांदा एकाच रेणूच्या दोन अवस्थांमधील समाकलांवर अवलंबून असतो, त्यामुळे शिखराशी असलेले त्याचे प्रमाण संहतीने बदलत नाही. जोडीचे शोषण मात्र पातळ केल्यावर झपाट्याने घटते.

शब्दवेध

‘खांदा’ हा शब्द इथे किती सहज आला, याची नोंद व्हावी. ‘ओव्हरलॅप’साठी माझा नवा प्रस्ताव ‘फलनसंगती’ असा आहे. संगतीत जुळणेही येते आणि न जुळणेही, त्यामुळे चिन्हांचा अर्थ सांभाळला जातो.

पूर्वपक्ष

‘संगती’ वाचून कोणाच्याही मनात समाकल येणार नाही. प्रयोगशाळेत सगळे ‘ओव्हरलॅप’च म्हणतात, आणि भाषांतर त्यांनाही वाचायचे आहे. प्रगतीबाबतचा माझा आग्रह मात्र मी सोडतो.

निळाई

पातळ करून पाहिले. खांदा बराच उतरला, पण पूर्ण गेला नाही. आणखी पातळ केल्यावर शिखराशी त्याचे प्रमाण स्थिर राहिले. म्हणजे दोन्ही कारणे होती असे दिसते. उरलेला खांदा मुख्य शिखरापासून साधारण बाराशे-तेराशे प्रति सेंटिमीटर दूर आहे. हीच त्या रेणूच्या कंपनाची वारंवारता आहे असे लिहू का?

कणाद

तसे थेट लिहू नका. आयोडीनला कंपनाचा एकच प्रकार आहे, तुमच्या रेणूला शंभराहून अधिक आहेत, आणि त्यांतील अनेकांच्या दिशेने रेणूचा आकार थोडा थोडा सरकतो. त्या सर्वांच्या छोट्या रांगा द्रावणातील रुंदीत एकत्र मिसळतात, आणि आपल्याला दिसणारे अंतर त्यांतील कोणत्याही एका कंपनाचे असेलच असे नाही. रामन वर्णपटात जवळची कोणती कंपने ठळक आहेत ते आधी पाहा.