डाएट प्लान मागितला की आधी काय विचारायचं?

रातराणी: वजन कमी करायचंय. सध्या ८४ किलो आहे, ३ महिन्यांत १५ किलो उतरायला हवं. सकाळपासून रात्रीपर्यंतचा पूर्ण डाएट प्लान द्या. उपाशी राहायची तयारी आहे.

वाटसरू: घ्या. नाश्ता बंद. दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्यात दोन जेवणं, मिळून १२०० कॅलरी. ताटात अर्ध्या भाज्या, साखर आणि तळलेलं बंद. सकाळी उपाशीपोटी ४५ मिनिटं भरभर चालायचं. कोणालाही चालेल असं आहे, उगाच फाटे फोडू नका.

मोजपट्टी: फाटे फोडावेच लागतील. वाटसरूंच्या प्लानमध्ये भाज्या वाढवा, साखर कमी करा एवढा भाग बहुतेकांना चालतो. पण नाश्ता बंद, उपाशीपोटी चालणं आणि १२०० कॅलरी या तीन गोष्टी कोणासाठी आहेत हे कळल्याशिवाय सांगता येत नाहीत. ८४ किलो हा आकडा एकटा काहीच बोलत नाही. उंची १६० सेंटीमीटर असेल तर वजन बरंच जास्त आहे, १८० असेल तर जेमतेम थोडं जास्त. माणूस १५ वर्षांचा आहे की ७०चा, हेही माहीत नाही.

रातराणी, आधी एवढंच सांगा: वय आणि उंची. स्त्री असाल तर गरोदर आहात का, बाळाला अंगावर पाजता का. आणि रोज कोणत्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेता, नाव आणि घ्यायची वेळ. खायला काय आवडतं वगैरे नंतर.

खडूस: वय महत्त्वाचं आहेच. चाळिशीनंतर चयापचय मंदावतो, म्हणून तरुणांचा प्लान मोठ्यांना लागू पडत नाही. मोजपट्टी बरोबर बोलताहेत.

मोजपट्टी: पाठिंब्याबद्दल आभार, पण कारण ते नाही. ८४ किलो, १६० सेंटीमीटरची बाई घ्या. नेहमीच्या सूत्राने नुसतं पडून राहायला लागणाऱ्या कॅलरी २६व्या वर्षी साधारण १५५० येतात, ५६व्या वर्षी साधारण १४००. तीस वर्षांत फरक दीडशेचा. दिवसभर खुर्चीत बसणारी आणि दिवसभर उभी राहून काम करणारी, या दोघींत याहून कितीतरी मोठा फरक पडतो. तेव्हा कॅलरीच्या हिशेबात वयापेक्षा दिनक्रम जड.

वय विचारायचं ते धोक्यासाठी. वाढत्या वयातल्या मुलाला कडक कॅलरीकपात द्यायची नसते. साठीपुढच्या माणसाला घाईने उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि मग खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो. त्याला प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम आधी ठरवावा लागतो, कॅलरी नंतर.

जाईजुई: मला थायरॉइड आहे, गोळी चालू आहे, तरी सहा महिने काटा जागचा हलत नाही. माझ्यासाठी पण एक प्लान टाका ना. कोबी, फ्लॉवर पूर्ण बंद करू का?

मोजपट्टी: जाईजुई, तुम्हालाही पहिला प्रश्न गोळीचाच. कशाबरोबर घेता? ती नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही, कॉफीसुद्धा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये ४ तास ठेवा. हे चुकत असेल तर गोळी नीट शोषलीच जात नाही. शेवटची टीएसएच तपासणी कधीची, तेही बघा. कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने काही बिघडत नाही.

रातराणी: वय ५६, उंची १६०, बाई आहे. आजार काही नाही. ऑफिसमध्ये बसून काम. गोळ्या म्हणाल तर साखरेची एक, ग्लिमेपिराइड, सकाळी नाश्त्याच्या आधी. आणि बीपीची मेटोप्रोलॉल. दोन्ही कंट्रोलमध्ये आहे.

मोजपट्टी: यासाठीच आजार न विचारता गोळ्या विचारायच्या. साखर आणि बीपी आटोक्यात असलं की माणूस मनापासून "आजार काही नाही" असंच सांगतो. त्यात खोटेपणा नसतो.

आता वाटसरूंचा प्लान या गोळ्यांवर ठेवून बघू. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. सकाळी गोळी घेतली, नाश्ता टाळला आणि वर ४५ मिनिटं भरभर चालणं झालं, तर रक्तातली साखर ७०च्या खाली घसरायला पुरेसं आहे. एरवी हात थरथरतात, छातीत धडधडतं, म्हणून माणूस सावध होतो. पण मेटोप्रोलॉल नेमकी ती थरथर आणि धडधड दाबते. उरतो तो दरदरून घाम, आणि मग गोंधळल्यासारखं होणं. चालताना आलेला घाम कोण मनावर घेतं?

रातराणी, असं झालंच तर लगेच बसा, १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पाण्यात घालून प्या आणि १५ मिनिटांनी साखर मोजा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच घ्या. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका. खाणं कमी करायचं ठरवलंय हे आधी डॉक्टरांना सांगा, डोस ते बदलतील, आणि मगच ताट बदला.

वाटसरू: ठीक, या बाबतीत माझा प्लान मागे घेतो. पण एका केसवरून सगळ्यांना चौकशीच्या रांगेत उभं करायचं हे पटत नाही. वीस प्रश्न विचारले की समोरचा गायब होतो आणि कुठलातरी छापील तक्ता उचलतो. त्यात तर एकही प्रश्न नसतो.

तिसरा डोळा: मला दोघांचंही पटत नाही. गोळ्यांची नावं वाचून सल्ला द्यायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? सरळ डॉक्टरांकडे पाठवायचं, विषय संपला.

मोजपट्टी: डोसचा विषय तिथेच संपतो, मान्य. ताटाचा संपत नाही. डॉक्टर बहुतेकदा "वजन कमी करा" एवढंच सांगतात, आणि तो सल्ला घेऊनच माणूस प्लान मागायला येतो. "मी नाश्ता बंद करणार आहे" हे तो डॉक्टरांना सांगत नाही, कारण त्याचा गोळीशी संबंध आहे हेच त्याला ठाऊक नसतं. तो संबंध दाखवून परत पाठवलं तर तिथे तो नेमकं बोलू शकतो.

वाटसरूंचा मुद्दा अर्धा खरा आहे. वीस प्रश्न एकदम टाकायचेच नाहीत. सुरुवातीच्या प्रश्नांना उत्तर मिळालं की पुढचं एकेक काढायचं. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर "पालेभाज्या भरपूर खा" हासुद्धा निरुपद्रवी सल्ला राहत नाही, अचानक वाढवल्या तर गोळीचा परिणाम घटतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं परस्पर वाढवायची नाहीत.

रातराणी: बापरे. डॉक्टरांची वेळ घेते. पण ३ महिन्यांत १५ किलो होईल की नाही ते सांगा.

मोजपट्टी: हिशेब करू. बैठं काम धरून तुमचा दिवसाचा खर्च साधारण १९५० कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. १५ किलोला १,१५,५०० झाल्या. ९० दिवसांत वाटल्या तर रोज जवळजवळ १२८० कमी करायच्या, म्हणजे खायला उरतात ६७० च्या आसपास. एवढं कमी खाणं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचं नसतं. इतक्या वेगाने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. रोज ५०० कमी केल्या तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, ३ महिन्यांत ५ ते ६ किलो. तेही कागदावर. वजन उतरत जातं तसा खर्च घटतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमीच धरा.

आता एक प्रश्न, नको वाटला तर उत्तर देऊ नका. "उपाशी राहायची तयारी आहे" असं तुम्ही लिहिलंत. एखाद्या दिवशी जास्त खाल्लं गेलं असं वाटलं, तर नंतर काय करता?

खडूस: हा काय प्रश्न झाला? काय करणार, पश्चात्ताप.

मोजपट्टी: खडूस, कोणी उलटी काढतं, कोणी जुलाबाची गोळी घेतं, कोणी दुसरा दिवस पूर्ण उपाशी काढतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आवरत नाही. अशा माणसाच्या हाती कॅलरीचा तक्ता दिला तर त्रास वाढतो. आणि "खाण्याचा काही मानसिक त्रास आहे का" असं विचारलं तर उत्तर हमखास "नाही" येतं. म्हणून असं वळसा घालून विचारायचं.

रातराणी: नाही हो, तसं काही करत नाही. सवय विचाराल तर दिवसभर फार खात नाही. रात्री मात्र भूक लागते.

मोजपट्टी: "फार खात नाही" वर प्लान बांधता येत नाही. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात गेलं ते वेळेसकट लिहा. चव बघायला घेतलेलं, कुणाच्या ताटात उरलेलं संपवलेलं आणि चहा-कॉफीतली साखर धरून. कालचा दिवस नेहमीसारखा होता का तेही लिहा. दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा असे तीन दिवस मिळाले तर उत्तम. त्याखाली दोनच ओळी: कुठला पदार्थ काही झालं तरी सोडणार नाही, आणि कुठला अजिबात चालत नाही. जे सोडणार नाही ते प्लानमध्ये आधी बसवायचं, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात प्लानच सुटतो.

वाटसरू: म्हणजे शेवटी प्रश्न झाले डझनभर. ज्याला एकही गोळी नाही, वय तिशीतलं, त्याला तरी हे सगळं कशाला? त्याला सरळ प्लान द्यायला माझी हरकत नाही.

मोजपट्टी: त्याला पहिल्या टप्प्यात एक मिनिट लागेल. "एकही गोळी नाही" हे तरी विचारल्याशिवाय कसं कळणार? कालचा दिवस मात्र त्यालाही लिहायला लावीन.

वाटसरू: मी नाही लावणार. तो लिहिणारच नाही.

रातराणी: मी लिहिते. गुरुवारची वेळ मिळाली आहे. तोपर्यंत काय करू?

मोजपट्टी: नाश्ता आणि गोळ्या जशा चालू आहेत तशाच. चालायचं असेल तर जेवणानंतर. घरी ग्लुकोमीटर असेल तर सकाळी उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी साखर मोजून वेळेसकट लिहून ठेवा. तो कागद आणि खाण्याची नोंद दोन्ही घेऊन जा.