घरी पाठवायचं पत्र: पुढचे तीन महिने स्वयंपाक बदलणार आहे

अनघा, रेडिंग

नमस्कार मंडळी,

मला गरोदरपणातली साखर निघाली आहे. अठ्ठाविसावा आठवडा चालू आहे, बाळ डिसेंबरअखेर अपेक्षित आहे. सासू-सासरे लवकरच सांगलीहून येतील आणि बाळंतपणानंतरही काही दिवस राहतील. आईंनी डिंक, खारीक आणि गुळाची ढेप बॅगेत भरूनसुद्धा ठेवली आहे. इथे आल्यावर रोजच्या ताटावरून गैरसमज व्हायला नकोत, म्हणून निखिलने आणि मी मिळून हे पत्र लिहिलं आहे. यातून गेलेलं कुणी असेल तर वाचा आणि काय राहिलं, कुठलं वाक्य त्यांना टोचेल, ते सांगा.

*ती. आई-बाबा, साष्टांग नमस्कार.*

*एवढी साखर आली कुठून, आपल्याकडे तर कुणालाच नाही, असं तुम्ही फोनवर विचारत होतात. खाण्यात काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. गरोदरपणात वारेतून काही संप्रेरकं तयार होतात आणि त्यांच्यामुळे आईच्या शरीरातल्या इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. बहुतेकींचं शरीर जास्त इन्सुलिन तयार करून ते भरून काढतं, माझं तेवढं पुरं पडत नाहीये. वार वाढते तसा हा जोर वाढतो, म्हणून हेच तीन महिने जपायचे आहेत. माझ्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, त्याने ते अंगाने फार वाढतं, आणि जन्मल्यावर माझ्याकडून येणारी साखर एकदम बंद झाली की त्याची साखर खाली जाऊ शकते.*

*मी रोज सकाळी उपाशीपोटी आणि प्रत्येक जेवणानंतर एका तासाने बोट टोचून साखर बघते. सकाळची 5.3 च्या खाली हवी, जेवणानंतरची 7.8 च्या खाली. बाबा, इथल्या मीटरचं एकक वेगळं आहे, त्या आकड्याला 18 ने गुणलं की आपल्याकडचा आकडा मिळतो. म्हणजे 95 आणि 140. तेव्हा "नऊ आली" असं मी म्हटलं तर ते कमी समजू नका, ते 160 च्या पुढे आहे.*

*नेहमीएवढे कांदेपोहे आणि बिनसाखरेचा चहा घेतला, तर तासाभराने 9.1 आली. दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि एक लहान भाकरी खाल्ली, तर 6.9. पोहे निम्मे करून त्यात मटार आणि मूठभर शेंगदाणे घातले, वर वाटीभर दही घेतलं, तेव्हा 7.6. म्हणजे पोह्यांशी वैर नाही, पण सकाळी शरीर सगळ्यांत हट्टी असतं. दुपारी जो भात पचतो, तोच सकाळी आकडा वर नेतो. त्यामुळे न्याहारीला साबुदाणा, उपमा, फळं आणि दूध हे माझ्यापुरतं थांबेल.*

*जेवणात भात एक वाटी, किंवा त्याऐवजी दोन लहान पोळ्या. दोन्ही एकत्र नाही. वरण पळीवाढं न करता घट्ट करू या, सोबत उसळ, पनीर, अंडी किंवा मासे रोज काहीतरी. आमटीत गूळ घालायचा नाही. ज्यांना हवा त्यांनी आपल्या वाटीत घ्यावा. माझ्यासाठी वेगळं पातेलं चढवू नका. घरात दोन स्वयंपाक सुरू झाले की मी पाहुणी होईन आणि तुम्ही दमून जाल.*

*आई, तुमच्याकडून मला सगळ्यांत जास्त मदत दोन गोष्टींची होईल. एक, रात्रीचं जेवण 7 ला. सांगलीच्या सवयीने ते फार लवकर वाटेल, पण त्यानंतर मला दोघांपैकी कुणाबरोबर तरी वीस मिनिटं चालून यायचं आहे, त्याने आकडा खरंच खाली येतो. दुसरी, आग्रह नको. "एकच घे, बाळाला लागतं" असं तुम्ही म्हणालात तर मला नाही म्हणता येणार नाही.*

*दिवाळीचा फराळ नेहमीसारखा करा. घरात वास दरवळू दे. मी चकली भाताऐवजी ताटात घेईन, भातानंतर नाही.*

सुहास, स्लाव

अनघा, पत्र फार छान उतरलं आहे. फक्त थोडं कडक कर. मला दहा वर्षं साखर आहे, अनुभवाने सांगतो. भात, पोळी, बटाटा सरळ बंद. आठवड्यात फरक दिसतो. आणि गूळ का काढलास? पांढरी साखर वाईट, गूळ आणि मध नैसर्गिक आहेत. आमटीत लिंबाएवढा गूळ गेला तर काही होत नाही, त्यात लोहही असतं.

विद्या, मिल्टन कीन्स

अगं, सासू-सासरे येईपर्यंत स्वयंपाक कोण करणार आहे? मी घरगुती डबे देते, बिनसाखरेचे लाडूही करते, खजुराचे. रेडिंगपर्यंत शनिवारी पोचवता येईल. किती जणांचा हवा ते कळव.

मेधा, लेस्टर

मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे, पण अनघा, तुझ्या क्लिनिकने जे सांगितलं असेल तेच आधी.

सुहासजी, भात कमी करायचा, हे तुमचं बरोबर आहे. पण तुमची साखर आणि हिची साखर एका मापाने मोजू नका. गरोदरपणात पिष्ट पदार्थ एकदम बंद केले तर शरीर चरबी जाळायला लागतं, कीटोन वाढतात, आणि बाळासाठी ते चांगलं नाही. मीटर सुंदर दिसतं, पण वजन उतरायला लागतं. असं कुणाचं झालं तर आम्हीच सांगतो, अर्धी पोळी वाढवा. गूळ, मध आणि खजूर, विद्या, तिन्हींनी साखर वाढतेच. खजुराच्या लाडवात वरून साखर घालत नाहीत एवढंच, आत ती भरपूर असते. आमटीतला गूळ चार माणसांत वाटला जातो हे खरं, पण रोज घातला की हात सैल होतो. पत्रात आहे तेच राहू दे.

अनघा, दोन गोष्टी घाल. बोट टोचण्याआधी हात नुसते पाण्याने धुऊन कोरडे करायचे. आई डाळिंब सोलून देतील, तू दाणे खाऊन तशाच बोटाला टोचशील, आणि रस लागलेला असला की मीटर खोटा वरचा आकडा दाखवतं. घाबरून लोक रात्रीचं जेवण सोडतात. दुसरं, घट्ट वरण चांगलंच, पण डाळीतही पिष्ट असतं. वरण, उसळ आणि भात असं तिन्ही वाटीवाटीने घेतलं तर आकडा चढेल आणि तुला वाटेल भातच वाईट. अंडं किंवा पनीर असेल त्या दिवशी उसळ अर्धी घे.

प्राची, ब्रिस्टल

मला दोन्ही वेळा झालं होतं. पत्रात एक गोष्ट नाही, जी मला आधी माहीत असती तर घरातले वाद टळले असते. जेवणानंतरचे आकडे खाण्याने आवरतात, पण सकाळचा उपाशीपोटीचा आकडा बऱ्याचदा नाही. तो रात्रभर यकृत सोडत असलेल्या साखरेचा असतो. मी रात्री नुसतं सूप पिऊनही सकाळी 5.8 यायची, आणि सासूबाई रोज विचारायच्या, "काल काय खाल्लंस?" शेवटी रात्री झोपताना इन्सुलिन सुरू झालं आणि आठवडाभरात आकडा बसला. तेव्हा घरच्यांना आत्ताच सांगून ठेव की औषध किंवा सुई लागली तर ती स्वयंपाकाची हार नाही.

आणि सुई सुरू झाली तर घरात साखर लागते! अंग थरथरलं, घाम फुटला आणि मीटरवर 4 च्या खाली दिसलं, तर लगेच छोटा ग्लासभर फळांचा रस द्यायचा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. आमच्याकडे घरातली साखर हद्दपार झाली होती. नेमका तेव्हा माझा नवरा कपाटं धुंडाळत बसला. फ्रिजच्या दारात रसाची बाटली ठेव, वर चिठ्ठी लाव, आणि बाबांनासुद्धा दाखव.

डिंकाच्या लाडवांबाबत मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. बाळ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खाल्ला.

मेधा, लेस्टर

वार पडली की साखर बहुतेकींची लगेच उतरते, औषधंही बहुधा तिथेच थांबवतात. पण "लगेच लाडू" हे मी कुणाला सांगणार नाही. रुग्णालयातून निघण्याआधी साखर बघतात, आणि 6 ते 13 आठवड्यांत परत उपाशीपोटी तपासणी असते. ती लोक बाळाच्या गडबडीत चुकवतात. पुढे दरवर्षी एकदा. तेवढं आईंच्या हाती लिहून दे, त्या विसरणार नाहीत.

प्राची, ब्रिस्टल

मेधाताई, तपासणीबद्दल मान्य. पण अंगावर पाजणाऱ्या बाईला दोन वेळा भूक भूक होते आणि तेव्हा आईने केलेला एक लाडू दिला तर मला त्यात काही गैर वाटत नाही. आकार लहान करा, गूळ कमी घाला, मेथ्या, बदाम आणि अळीव वाढवा.

मेधा, लेस्टर

लहान आकार मला चालेल. मेथ्या घातल्या म्हणून गुळाचा हिशेब पुसला जात नाही, एवढंच माझं म्हणणं.

सुहास, स्लाव

मेधाताई, कीटोनचं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मध एक चमचा कोमट पाण्यात मी घेतो आणि माझी साखर छान आहे.

विद्या, मिल्टन कीन्स

अगं, मी डब्याचं समजले. माफ कर. आई आल्या की त्यांना एखाद्या शनिवारी इकडे घेऊन ये. माझ्या सासऱ्यांना इथे बोलायला कुणी नाही, बाबांनाही बरं वाटेल.

अनघा, रेडिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. हात धुण्याचं, सकाळच्या आकड्याचं आणि रसाच्या बाटलीचं पत्रात घातलं. आग्रहाबद्दलचा परिच्छेद निखिलने फिरवून लिहिला आहे, कारण मी लिहिलेलं वाचताना त्यालाच आईंसाठी वाईट वाटलं. आता तिथे असं आहे: *"आई, तू वाढायचंस, फक्त अनघाला विचारून. तिने वाटी पुढे केली की भर, नाही केली की तुझं लक्ष नाही असं तिला वाटणार नाही."*

लाडवांचं पत्रात काहीच लिहिलेलं नाही. डिंक येऊ दे. मंगळवारी क्लिनिकच्या नर्सला विचारते, तोवर आईंना एवढंच कळवलं आहे की खारीक बॅगेत वर ठेवू नका, वाटेत ओल लागते.