प्रतिसाद: प्लेगचा विषय कापायचा कुठे?

> 'मुंबईतला प्लेग' फार मोठा होतोय, १८९६ ते १९०० एवढंच घेतलं तर चालेल का?

शोधनिबंधासाठी नुसती वर्षं कापलीत तर वर्णनच लिहून होईल. एक घटना धरा. ९ मार्च १८९८ला मुंबईतल्या मदनपुऱ्यात, विणकरांच्या वस्तीत, आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल झाली. त्यावर माझा पहिला प्रश्न होता, 'लोकांना तपासणीबद्दल काय वाटत होतं?' तो फसला. काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात नेटिव्ह न्यूजपेपर रिपोर्ट्स चाळताना कळलं, की हे सरकारी अनुवादकाने निवडलेले देशी वृत्तपत्रांचे सारांश आहेत, त्यात मदनपुऱ्यातला विणकर बोलत नाही. मग प्रश्न बदलला: 'दंगलीआधीच्या सहा महिन्यांत तपासणीविरुद्धच्या कोणत्या तक्रारी या सारांशांतून सरकारपर्यंत पोचल्या?' एवढ्याला सव्वीसेक आठवड्यांचे अहवाल पुरले.