मिश्रणाच्या उत्तराचा ताळा: तुम्ही कसा करता?

तिरकस वजाबाकी करून गुणोत्तर बहुतेकांना काढता येतं. ते बरोबर आहे का, हे उत्तरपत्रिका न उघडता कसं ठरवता, तेवढंच इथे लिहा. सगळ्यांसाठी एक उदाहरण घेऊ: ६० टक्के आणि २० टक्के आम्लाची द्रावणं मिसळून ३० टक्क्यांचं ४० लिटर द्रावण करायचं आहे.

फळा-खडू
वजाबाकीतून ३० आणि १० हे आकडे येतात. कुठला कुणाचा, इथेच गफलत होते. ताळ्यासाठी गुणोत्तर विसरून लिटर धरा. माझं उत्तर तीव्र १० आणि सौम्य ३० लिटर. तीव्र द्रावणातलं आम्ल ६ लिटर, सौम्यातलंही ६ लिटर. एकूण १२, ते ४० लिटरमध्ये, म्हणजे ३० टक्के. जमलं.

आता मुद्दाम उलटं करा: तीव्र ३०, सौम्य १०. आम्ल १८ अधिक २, म्हणजे २०. तीव्रता ५० टक्के. हा ५० कुठूनही आलेला नाही. दोन टक्केवाऱ्यांची बेरीज ८०, त्यातून हवे असलेले ३० वजा केले की ५०. गुणोत्तर उलटं पडलं की ताळ्यात नेहमी हाच आकडा येतो. त्यामुळे ५० दिसलं तर सगळं गणित पुन्हा करू नका, फक्त अदलाबदल करा. ४३ किंवा २७ असं काही आलं तर मात्र चूक वजाबाकीत किंवा लिटर वाटण्यात आहे.

घाईवाला
एवढं कशाला? १० आणि ३० ची बेरीज ४० आली की झालं. शिवाय ३० हे २० च्या जवळ आहे, म्हणजे सौम्य जास्त लागणार हे दिसतंच.

फळा-खडू
दुसरं वाक्य चांगलं आहे, उलटं गुणोत्तर त्यानेच पकडलं जातं. पहिलं काही सिद्ध करत नाही. ३० आणि १० ची बेरीजही ४० च. ८ आणि ३२ ची सुद्धा, आणि तिथेही सौम्य जास्तच आहे; पण आम्ल ४.८ अधिक ६.४, म्हणजे ११.२ लिटर, तीव्रता २८ टक्के.

किराणा-हिशेब
भावाच्या गणितात हा ताळा बरोबर येऊनही उत्तर चुकतं. ४० आणि ६० रुपये किलोचे तांदूळ मिसळून ५५ ला विकले, नफा १० टक्के. पुष्कळजण मधे ५५ लिहितात, गुणोत्तर १:३ येतं. सरासरी काढली तर ४० अधिक १८०, भागिले ४, बरोबर ५५. मन खूश! पण ५५ हा विक्रीचा भाव आहे. खरेदीच ५५ ला पडली तर १० टक्के नफ्याने ६०.५० ला विकावं लागेल. खरेदीचा भाव ५०, म्हणून गुणोत्तर १:१. ताळा प्रश्नातल्या शेवटच्या आकड्यापर्यंत न्या, आपणच मधे लिहिलेल्या आकड्यापाशी थांबू नका.

संकलन केंद्र
आमच्याकडे परीक्षा नसते, टँकर असतो. ६.५ फॅटचं म्हशीचं आणि ३.५ फॅटचं गाईचं दूध मिसळून ४.५ करायचं असेल तर १०० किलो म्हशीचं, २०० किलो गाईचं. फॅट ६.५ अधिक ७, म्हणजे १३.५ किलो, ३०० किलोत ४.५ टक्के. फॅट जुळलं म्हणून थांबू नका, एसएनएफचा, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन पदार्थांचाही वेगळा ताळा करा. म्हशीचं ९ आणि गाईचं ८.२ असेल तर मिश्रणाचं ८.४७ पडतं. ८.५ हवं असेल तर फॅट अचूक असूनही दूध कमी पडलं.

घाईवाला
किलोच का? लिटर घेतले तर?

संकलन केंद्र
दूध-दूध असेल तर फरक नगण्य, दोन्हींची घनता १.०३ च्या आसपास. साय किंवा क्रीम मिसळताना लिटर धरू नका, क्रीम हलकं असतं. आणि कागदावरचा ताळा कितीही बरोबर आला तरी टाकी नीट ढवळली नसेल तर नमुन्यात वेगळंच फॅट दिसतं. मग गणिताला दोष देतात.

नवीन उमेदवार
माझ्या उदाहरणात भांड्यातून ४ लिटर दूध काढून तेवढंच पाणी घालतात, असं तीनदा. यातही तिरकस वजाबाकीच ना?

फळा-खडू
नाही. तिथे ४० लिटर असतील तर दूध दर वेळी ३६, ३२.४, २९.१६ असं उतरतं. पण ताळा आहे: प्रत्येक फेरीत काढलेल्या ४ लिटरांत दूध किती होतं ते लिहा. ४, ३.६, ३.२४. यांची बेरीज १०.८४, आणि २९.१६ मिळवले की ४०.

किराणा-हिशेब
पण हे दोन्ही आकडे एकाच रीतीने आलेत. पहिल्या फेरीतच चूक झाली तर ताळाही तीच चूक घेऊन जुळेल की.