मदत हवी आहे : उत्पादन बंद झालेल्या मिक्सर ग्राइंडरचा कपलर कसा जुळवावा?

माझ्या मिक्सर ग्राइंडरचे मॉडेल उत्पादकाने यादीतून काढून टाकले असून, ग्राहक सेवा केंद्र 'सुटे भाग उपलब्ध नाहीत' एवढेच सांगते. मोटर उत्तम आहे; मात्र तिच्या शाफ्टवरील कपलरचे दात झिजल्यामुळे भांड्यात थोडे जाड वाटण घातले की मोटर नुसतीच घरघरते आणि पाते थांबते.

जुना कपलर काढताना कळले की त्याचे आटे उलटे आहेत. शाफ्ट खालून पकडून, पाते ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने तो फिरवल्यावर सुटला. (त्याआधी मी बराच वेळ तो अधिकच घट्ट करत होतो.) त्यानंतर दातांची संख्या आणि बाहेरचा व्यास पाहून एक सुटा कपलर आणला. तो भांड्याखालच्या कपलरमध्ये नीट बसला, पण शाफ्टवर दोन वेढ्यांनंतर अडकला, कारण आट्यांमधील अंतर वेगळे निघाले. जोर लावला असता, तर शाफ्टचे आटे गेले असते.

आता व्हर्नियरने शाफ्टचा व्यास, १० मिलिमीटर लांबीतील आट्यांची संख्या आणि कपलरची उंची मोजणार आहे. उंची जास्त झाली, तर भांडे पूर्ण खाली बसणार नाही. या मापांवरून दुसऱ्या मॉडेलचा कपलर कोणी यशस्वीपणे बसवला आहे का? तसेच भांड्याखालचा जुना, थोडा झिजलेला कपलर तसाच ठेवल्यास नव्याचे दात लवकर झिजतील, की दोन्ही एकत्रच बदलावेत?