मदत हवी आहे: परवा फायनल प्रेझेंटेशन आणि मला डेंग्यू

मंडळी, कालपासून अ‍ॅडमिट आहे, सलाईन चालू. परवा एक्स्टर्नलसमोर आमच्या चौघांचं प्रेझेंटेशन, विषय ठिबकसाठी मातीतला ओलावा मोजणं. सेन्सरचं कॅलिब्रेशन माझ्याकडे होतं. गोची अशी की आमच्या कपॅसिटिव्ह सेन्सरचा आकडा कोरड्या मातीत वाढतो, ओल्यात घटतो. "उलटं का?" हे एक्स्टर्नल हमखास विचारणार, आणि तिघांना ते नीट सांगता येत नाही. त्यांना व्हॉइस नोट पाठवतोय. मॅडमसाठी हे लिहिलंय:

"मॅडम, डेंग्यूमुळे परवा येऊ शकत नाही. सर्टिफिकेट जोडलंय. माझ्या स्लाइड्स टीममधला एक जण मांडेल. माझी व्हायव्हा नंतर घ्याल का?"

एवढं पुरे का? एचओडींनाही सीसी करू, की ते आगाऊपणाचं वाटेल?